'निलंबन' शब्दाने घातलेला घोळ

कारखान्याच्या नियमपुस्तिकेतला रजा, ओव्हरटाइम आणि शिस्तभंगाचा भाग मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. रजेचं पटकन उरकलं. ओव्हरटाइमला 'दुप्पट दर' लिहून भागेना, म्हणून उदाहरण दिलं: तासाला 90 रुपये पडत असतील, तर दोन तास जास्तीच्या कामाचे 360.

अडलं ते शिस्तभंगात. इंग्रजीत सस्पेन्शन दोन ठिकाणी होतं, मी दोन्हीकडे 'निलंबन' लिहिलं. छापण्याआधी मशीन शॉपमधल्या चौघांना वाचून दाखवलं आणि विचारलं, "काय समजलं?" एक जण म्हणाला, "म्हणजे काढून टाकलं की!" दुसऱ्याला वाटलं, चौकशी म्हणजे नुसतं नाटक, शिक्षा आधीच झाली.

चूक माझीच होती. एक निलंबन चौकशी चालू असतानाचं, दुसरं गुन्हा सिद्ध झाल्यावरचं, ठरावीक दिवसांचं. मग पहिल्याला लिहिलं: 'चौकशी संपेपर्यंत कामावर येऊ नका. ही शिक्षा नाही, नोकरी चालू आहे.' खाली निर्वाह भत्ता: पहिले 90 दिवस पगाराच्या निम्मा, पुढे चौकशी लांबली आणि त्यात कामगाराचा दोष नसेल, तर 75 टक्के. म्हणजे 18,000 पगारवाल्याला महिन्याला आधी 9,000, मग 13,500. दुसऱ्याला 'शिक्षा म्हणून बिनपगारी दिवस', आणि कामावरून काढण्याला 'बडतर्फी'.

पुन्हा त्याच चौघांना वाचून दाखवलं. या वेळी प्रश्न आला, "भत्ता कोणत्या तारखेला मिळतो?" ते मूळ इंग्रजीतही नव्हतं, एचआरकडून विचारून घातलं.