आकडा कुंपणाबाहेर गेला म्हणून लगेच खोडू नका: आयक्यूआर नियम वापरताना होणाऱ्या चुका

मांजरा नदीच्या काठावरच्या एका गावात सोयाबीनची रास झाली आणि बारा शेतकऱ्यांना एकरी उतारा विचारून वहीत उतरवला, असं धरू. क्विंटलमधले आकडे चढत्या क्रमाने असे आहेत:

०.५, ५, ६, ६.५, ७, ७, ७.५, ८, ८.५, ९, १८, २२

यादीचे मधोमध दोन भाग करा. खालच्या सहा आकड्यांचा मध्यक ६.२५ येतो, हा पहिला चतुर्थक. वरच्या सहांचा मध्यक ८.७५, हा तिसरा चतुर्थक. दोघांतलं अंतर २.५, यालाच आयक्यूआर म्हणतात. त्याची दीडपट ३.७५ होते. पहिल्या चतुर्थकातून ती वजा केली की खालचं कुंपण २.५ वर येतं, तिसऱ्यात मिळवली की वरचं १२.५ वर. ०.५, १८ आणि २२ हे तीन आकडे कुंपणाबाहेर पडले.

चूक पहिली: बाहेर पडलेलं सगळं खोडणं

सगळ्यात जास्त नुकसान हीच चूक करते. तिन्ही आकडे खोडले तर उरलेल्या नऊ जणांची सरासरी ७.१७ क्विंटल येते आणि कागद नीटनेटका दिसतो. पण नियम फक्त एवढंच सांगतो की हे आकडे बाकीच्यांपासून लांब आहेत. ते का लांब आहेत, हे शेतकऱ्याला विचारल्याशिवाय कळत नाही.

विचारल्यावर तीन वेगळ्या गोष्टी निघाल्या. १८ वाल्याने उतारा हेक्टरी सांगितला होता. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर, म्हणून एकरी ७.३ क्विंटल. हा आकडा दुरुस्त करायचा. २२ क्विंटल निघाले ते मक्याचे. वहीत ओळ चुकून सोयाबीनखाली गेली होती. तो आकडा खोटा नाही, पण तो या यादीतला नाही, म्हणून काढायचा. आणि अर्धा क्विंटल? ते रान ओढ्याला लागून आहे. ऐन काढणीच्या वेळी पाणी शिरलं आणि शेंगा काळ्या पडल्या. हा आकडा खरा आहे, याच गावचा आहे, याच पिकाचा आहे. तो ठेवायचा.

असं केल्यावर अकरा जणांची सरासरी ६.५७ येते. तिन्ही खोडून आलेल्या ७.१७ पेक्षा ती एकरी साठ किलोने कमी आहे. हे साठ किलो म्हणजे त्या बुडालेल्या रानाचं नुकसान आहे, आणि ते आपल्या हाताने कागदावरून पुसलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. एका आकड्याने सरासरी फार ओढली जाते असं वाटत असेल तर शेजारी मध्यकही द्या. इथे तो ७ आहे.

चूक दुसरी: कुंपणाच्या आतलं सगळं बरोबर मानणं

हेक्टरी ११ क्विंटल म्हणजे एकरी जेमतेम साडेचार. पण कुणी चुकून "११" च लिहिलं असतं, तर १२.५ च्या कुंपणाने त्याला अडवलं नसतं. म्हणून हेक्टर-एकराची एक गफलत सापडली की त्याच माणसाने लिहिलेल्या सगळ्या नोंदी पुन्हा विचारून घ्या. कट्ट्यांचे क्विंटल करताना आणि गुंठ्यांचे एकर करताना (४० गुंठ्यांचा एकर) हीच गडबड होते.

चूक तिसरी: वहीतलं आणि एक्सेलमधलं कुंपण एकच समजणं

```
=QUARTILE.INC(B2:B13,1)
=QUARTILE.INC(B2:B13,3)
```

आकडे B2 ते B13 मध्ये असतील तर याच यादीवर उत्तर ६.३७५ आणि ८.६२५ येतं, म्हणजे कुंपणं ३ आणि १२ वर सरकतात. दोन्ही पद्धती मान्य आहेत. पण उतारा २.८ असता तर वहीत तो आत राहिला असता आणि एक्सेलमध्ये बाहेर गेला असता. यादी लहान असेल तर कोणती पद्धत वापरली ते लिहून ठेवा.

चूक चौथी: रोजच्या पावसाला हाच नियम लावणं

आपल्याकडे पावसाळ्यातही कोरडे दिवस खूप असतात. एखाद्या मंडळात तीन चतुर्थांशाहून जास्त दिवस शून्य मिलिमीटरचे असले, तर पहिला आणि तिसरा दोन्ही चतुर्थक शून्य येतात, आयक्यूआर शून्य आणि दोन्ही कुंपणंही शून्यावर. मग साधी भुरभुरही आउटलायर ठरते. आधी फक्त पावसाचे दिवस वेगळे काढा, म्हणजे २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झालेले. तरीही मोजक्या मुसळधार दिवसांमुळे यादी वरच्या बाजूला लांबलेली राहते आणि खरे दिवसही वरच्या कुंपणाबाहेर जातात. ९० मिलिमीटरची नोंद दिसली तर त्याच दिवशीचे शेजारच्या मंडळांचे आकडे बघा. तिकडेही ७०-८० असेल तर नोंद ठेवा. आजूबाजूला सगळीकडे कोरडं असेल तर ९.० मधला दशांश बिंदू सुटला का, ते मूळ नोंदवहीत पाहा. उन्हाळी वळवाचा पाऊस मात्र एका शिवारात कोसळतो आणि शेजारी थेंब पडत नाही, त्यामुळे त्या दिवसांत नुसत्या शेजाऱ्यांवरून आकडा खोडू नका.