जुन्या इंजिनात फ्लश ओतण्याआधी ऑइलची टोपी उघडून बघा

ऑइल बदलायला गाडी गॅरेजमध्ये लावली की प्रश्न हमखास येतो, "फ्लश टाकायचा का?" फ्लश म्हणजे इंजिन आतून धुण्यासाठी ऑइलमध्ये मिसळायचं रसायन. डबा छोटासाच असतो, साधारण ३०० ते ५०० मिलीचा. जुनं ऑइल आत असतानाच तो ओतायचा, इंजिन पाच-दहा मिनिटं नुसतं चालू ठेवायचं आणि मग सगळं काढून नवं ऑइल भरायचं. गाडीचं ऑइल पहिल्यापासून वेळेवर बदललं असेल तर आत धुण्यासारखं फारसं काही नसतंच, तिथे विषय संपला. पेच पडतो तो लाखभर किलोमीटर झालेल्या, दुसऱ्याकडून घेतलेल्या गाडीच्या बाबतीत. आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं, बदललं की नुसतं वर भरत राहिला, हे कुणालाच माहीत नसतं.

अशा गाडीबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, "टाकून द्या, इंजिन मोकळं होईल." दुसरा म्हणतो, "हात लावू नका, तो गाळच इंजिन धरून आहे." दोघांनीही तुमच्या इंजिनाच्या आत डोकावलेलं नसतं, आणि उत्तर तर आतच असतं.

घाण सुटते, पण जाते कुठे?

बहुतेक फ्लशमध्ये रॉकेलच्या जातीचं पातळ द्रावक आणि त्यासोबत घाण सोडवणारी रसायनं असतात. तशी रसायनं चांगल्या ऑइलमध्येही असतात, फक्त ऑइल हे काम हजारो किलोमीटरभर सावकाश करतं आणि फ्लश दहा मिनिटांत उरकायला बघतो. आता ऑइलचा प्रवास आठवा. खाली चेंबरमध्ये ऑइल साठतं. तिथून पंप ते एका नळीने ओढतो आणि त्या नळीच्या तोंडावर एक जाळी असते. ऑइल फिल्टर लागतो तो पंपाच्या पुढे. म्हणजे वरून सुटलेला गाळ चेंबरमध्ये पडला की त्याची गाठ आधी जाळीशी पडते, फिल्टर नंतरचा.

घाण ऑइलमध्ये विरघळून गेली तर काही बिघडत नाही, ती ड्रेन होलमधून बाहेर पडते. पण गाळाचे तुकडे निघाले तर ते जाळीवर जाऊन बसतात. पंपाला ऑइल कमी मिळतं, प्रेशर पडतं, आणि सगळ्यात आधी उपाशी राहतात ते क्रँकचे बेअरिंग, वरची कॅमशाफ्ट आणि असलाच तर टर्बो. "फ्लश केला आणि इंजिन गेलं" अशा ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यातल्या बऱ्याच गोष्टींमागे रसायनापेक्षा ही जाळी असण्याचीच शक्यता जास्त.

पहिली पायरी: टॉर्च घ्या

इंजिन थंड असताना ऑइल भरायची टोपी काढा. टोपीची आतली बाजू बघा आणि टॉर्च मारून भोकातून दिसतील ते धातूचे भाग बघा.

धातू स्वच्छ असेल किंवा चहासारखा पारदर्शक तपकिरी रंग चढलेला असेल, तर आत फक्त पातळ थर आहे. बोट फिरवलं तर हाताला काही लागत नाही. फ्लशसाठी हे सगळ्यात सुरक्षित इंजिन, आणि गंमत म्हणजे त्याची गरजही इथे बेताचीच.

काळा, मऊ, ग्रीससारखा थर असेल आणि बोटाने खरवडला की निघत असेल, तर तो गाळ. कडेला सुकून खपल्या धरल्या असतील तर त्याहून वाईट, कारण सुटताना तुकडे खपल्यांचेच पडतात. अशा इंजिनात फ्लश ओतू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फ्लशची गरज नेमकी याच इंजिनाला सगळ्यात जास्त दिसते आणि धोकाही इथेच सगळ्यात मोठा असतो.

टोपीखाली पांढरट, सायीसारखं काही दिसलं तर घाबरून जाऊ नका. रोज जेमतेम दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत वाफेचं पाणी साचून असं होतं. मात्र कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासा, त्याच्यावर फ्लश हा उपाय नाही.

काही इंजिनांत टोपीखालीच पत्र्याचा आडोसा असतो आणि काहीच दिसत नाही. तिथे अंदाज बांधू नका. टॅपेट कव्हर उघडून बघायला मेकॅनिकला सांगा, परत बसवताना पॅकिंग नवं लागेल एवढंच. जुन्या इंजिनाचं ते पॅकिंग बहुधा बदलायला आलेलंच असतं.

कुणी या वाटेला जाऊच नये

गरम इंजिनावर, गाडी सिग्नलला उभी असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर प्रेशर आधीच काठावर आहे. त्यात ऑइल आणखी पातळ करणं म्हणजे संकटाला बोलावणं. ज्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये बुडून चालतो, तिथेही फ्लश नको. द्रावकाने बेल्टचं रबर खराब होऊ शकतं आणि त्याचे कण पुन्हा जाळीवरच येतात. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये असतो, तेव्हा डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो दुचाकीत ओतू नका. आणि ऑइल सील आधीच पाझरत असतील तर फ्लशनंतर गळती वाढण्याची तयारी ठेवा. म्हाताऱ्या, कडक झालेल्या सीलच्या फटीत कधी कधी गाळानेच बूच मारलेलं असतं.

ओतायचाच असेल तर

मामेभावाच्या गाडीवर आम्ही हे केलं, तेच सांगतो. चौदा वर्षांची पेट्रोल गाडी, एक लाख चाळीस हजार किलोमीटर, ऑइल चार लिटर. टोपीतून तपकिरी थर दिसत होता, गाळ नव्हता. तक्रार एकच: सकाळी चालू केली की दोन-तीन मिनिटं टॅपेटची टिकटिक. टॅपेट हायड्रॉलिक होते, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे. त्यांच्या बारीक वाटांत चिकटा बसला की असा आवाज येतो, आणि फ्लशचा उपयोग व्हायची शक्यता अशाच ठिकाणी असते.

आधी प्रेशर स्विच काढून तिथे साधा घड्याळी गेज लावला. गरम इंजिनावर, स्लोवर, १.२ बार. हा आकडा लिहून ठेवला. गेज नसला तर निदान लाल दिव्याकडे डोळा लावून बसायला एक माणूस हवा.

मग डिपस्टिक बघितली. ऑइल वरच्या खुणेला टेकलेलं होतं, म्हणून फ्लशच्या मापाएवढं, अंदाजे ३०० मिली, आधी काढून घेतलं. इंजिन चांगलं गरम झाल्यावर बंद केलं, डबा ओतला, पुन्हा चालू केलं आणि घड्याळ लावलं. डब्यावर दहा मिनिटं लिहिलं होतं, आम्ही दहाच ठेवली. "अजून पाच मिनिटं राहू दे, जास्त साफ होईल" हा मोह इथे होतोच. तो टाळा. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही आणि गाडी चालवायची तर मुळीच नाही, कारण पातळ झालेल्या ऑइलचा थर बेअरिंगवर भार आला की टिकत नाही. गेज ०.९ बारला आला आणि तिथेच राहिला. पातळ ऑइलवर एवढी घट अपेक्षितच होती. तो सतत खाली घसरत गेला असता किंवा दिवा लागला असता, तर त्याच क्षणी किल्ली फिरवून इंजिन बंद करायचं आणि चेंबर उघडेपर्यंत पुन्हा चालू करायचं नाही, असं ठरवूनच बसलो होतो.

गाडी सपाट जागी, ऑइल गरम असतानाच ड्रेन नट काढा. हात भाजेल, हातमोजे घाला. धार संपली की लगेच नट लावायची घाई गॅरेजमध्ये सर्रास होते, पण इथे वीस मिनिटं तरी थेंब पडू द्या. आत राहिलेला फ्लश नव्या ऑइलमध्ये मिसळून त्याला पातळ करतो. फिल्टर नवाच लावायचा, त्यात तडजोड नाही. मग मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल, आणि चालू केल्यावर लाल दिवा काही सेकंदांत विझतो का ते बघायचं. आमचा गेज गरम झाल्यावर पुन्हा १.२ बारला आला. म्हणजे जाळी मोकळी होती.

रॉकेल किंवा डिझेल ओतून हेच काम फुकटात होतं, असं सांगणारे भेटतील. ते पातळ करतं हे खरं, पण फ्लशमध्ये घाण धरून ठेवणारी आणि झीज रोखणारी जी रसायनं घातलेली असतात ती त्यात नसतात. त्या वाटेला जाऊ नका. आणखी एक: डिझेल इंजिनात नवं ऑइल थोड्याच वेळात काळं पडतं. ते काजळीमुळे होतं, त्यावरून फ्लश फसला असं समजू नये.

गाळ दिसला तर

इथे खरं काम चेंबर खाली उतरवण्याचं आहे. गाळ हाताने काढायचा, जाळी धुवायची किंवा बदलायची, टॅपेट कव्हरखालचं जमेल तेवढं पुसून घ्यायचं. मी पाहिलेल्या एका उघडलेल्या इंजिनात जाळीचा निम्म्याहून जास्त भाग काळ्या खपल्यांनी बंद होता, आणि ती गाडी तोवर दिवा न लावता धावत होती. त्यात फ्लश ओतला असता तर काय झालं असतं हे सांगायला नको.

चेंबर साफ झाल्यावर योग्य ग्रेडचं साधं ऑइल भरायचं आणि ते हजार-दीड हजार किलोमीटरवर फिल्टरसकट बदलायचं. असं दोन-तीनदा केलं की उरलेला थर हळूहळू सुटून फिल्टरमध्ये अडकतो. दरवेळी काढलेला फिल्टर उघडून बघा. कागदी घडीचा असेल तर सोपं. पत्र्याचा असेल तर कटरने कापा, हॅक्सॉने कापला तर त्याचाच चुरा आत पडतो. कागदावर काळे दाणे कमी होत गेले तर काम जमतंय. चकाकणारे धातूचे कण दिसले तर झीज झालेली आहे, तिथे सफाईचा प्रश्न उरत नाही.

इंजिन ऑइल पीत असेल तर फ्लशकडून फार आशा ठेवू नका. पिस्टनच्या ऑइल रिंगमागे कडक झालेला कार्बन दहा मिनिटांच्या आंघोळीने क्वचितच सुटतो.

मामेभावाच्या गाडीचं ऑइल आम्ही बाराशे किलोमीटरवर पुन्हा बदललं. फिल्टरच्या घड्यांत थोडा काळा चिकटा होता, दाणे नव्हते. टिकटिक पूर्ण गेली नाही, दोन-तीन मिनिटांवरून दहा-पंधरा सेकंदांवर आली. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात मात्र ओलसरपणा दिसू लागला, आणि पॅकिंग बदलावं लागलं.