‘व इतर’ कुठपर्यंत पोचतं?

भाडेकरारात असं वाक्य हमखास सापडतं: ‘नळ, दिव्यांची बटणं, पंखे, कड्या-कुलपं व इतर दुरुस्त्या भाडेकरूने स्वखर्चाने कराव्यात.’ पावसाळ्यात स्लॅब गळायला लागला की मालक नेमकं त्या ‘इतर’वर बोट ठेवतो. अशा वेळी आधी यादीकडे बघा. चारही गोष्टी रोजच्या वापराने झिजणाऱ्या, किरकोळ खर्चाच्या आहेत. म्हणून ‘इतर’ म्हणजे त्याच जातीचं काही: दारावरची बेल, फ्लशचं बटण. स्लॅब त्यात बसत नाही. सगळंच भाडेकरूच्या गळ्यात घालायचं होतं, तर नळ-पंखे मोजत बसायची गरज काय होती? कायद्याच्या भाषेत या नियमाला ‘एजुस्डेम जेनेरिस’ म्हणतात.

मात्र यादीला समान धागा हवा. ‘नळ, लिफ्ट, बाग व इतर’ यातून कुठली जात काढणार? एकाच वस्तूनंतर ‘इतर’ आलं, तरीही नियम सहसा लागू होत नाही. आणि ‘यांपुरते मर्यादित न राहता’ असे शब्द असतील, तर मालकाची बाजू जड होते. सहीआधी मी तेच शोधून पेन्सिलने गोल करतो.