आरोपनिश्चितीच्या आदेशाचा सारांश काढताना

वकिलीच्या पहिल्या वर्षात ज्युनिअरकडे हे काम हमखास येतं. आदेश जाडजूड असतो आणि सिनिअरना हवी असतात दोन पानं: कुणावर कोणते आरोप ठेवले, कोर्टाने काय काय पाहिलं आणि दोषमुक्तीचा अर्ज का फेटाळला. पूर्वी सत्र खटल्यांत हे कलम २२७ आणि २२८ खाली चालायचं, आता नागरिक सुरक्षा संहितेत २५० आणि २५१. एवढं तुम्हाला ठाऊक असणारच.

मी उदाहरणाला मालेगावचा २००८ चा बॉम्बस्फोट खटला घेते. त्यात आपल्याला अडचणीत टाकणारं सगळं एकत्र सापडतं. २९ सप्टेंबर २००८ ला स्फोट झाला, सहा जण दगावले. आधी महाराष्ट्र एटीएसने तपास करून जानेवारी २००९ मध्ये मोक्का लावून दोषारोपपत्र दाखल केलं. २०११ मध्ये तपास एनआयएकडे गेला आणि मे २०१६ मध्ये एनआयएने पुरवणी दोषारोपपत्रात सांगितलं की प्रज्ञासिंह ठाकूर आणि आणखी काही जणांविरुद्ध पुरेसा पुरावा नाही. मुंबईच्या विशेष न्यायालयाने २७ डिसेंबर २०१७ ला दोषमुक्तीच्या अर्जांवर निर्णय दिला.

पहिलं काम म्हणजे आदेश शेवटून उघडायचा. शेवटच्या पानावरचा प्रत्यक्ष हुकूम आधी उतरवून घ्या, मग मागे या. २०१७ च्या या निर्णयात मोक्का सगळ्यांवरून गेला. तिघे पूर्ण दोषमुक्त झाले. दोघांवर फक्त शस्त्र कायद्याखाली खटला चालवायचा ठरलं. उरलेल्या सात जणांवर, म्हणजे ठाकूर, लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित आणि इतर पाच जणांवर, यूएपीए, भारतीय दंड संहिता आणि स्फोटक पदार्थ कायद्याखाली खटला पुढे न्यायचा ठरलं. एकाच निर्णयात 'मंजूर', 'अंशतः मंजूर' आणि 'नामंजूर' तिन्ही आहेत. म्हणून आरोपींची नावं डावीकडे आणि कलमं वर असा तक्ता आखा. दोषारोपपत्रातली कलमांची यादी जशीच्या तशी चिकटवायचा मोह होतो. ती पोलिसांची मागणी असते, कोर्टाने त्यातलं काय ठेवलं हे तिथे कळत नाही. हा शॉर्टकट घेऊ नका, एवढंच सांगते.

आणखी एक बारीक गोष्ट. दोषमुक्ती नाकारणारा आदेश आणि प्रत्यक्ष आरोप हे बरेचदा दोन वेगळे कागद असतात. मालेगावात आरोप ठेवले गेले ३० ऑक्टोबर २०१८ ला. त्यात यूएपीएची कलमं १६ आणि १८ होती, दंड संहितेची १२०-ब, ३०२, ३०७, ३२४, १५३-अ अशी कलमं होती, शिवाय स्फोटक पदार्थ कायदा. सातही जणांनी गुन्हा नाकबूल केला. आरोपांची यादी या दुसऱ्या कागदावरून घ्या आणि प्रत्येक कलमापुढे ते थेट आहे की कटाच्या कलमाच्या आधाराने आलंय, हे लिहा. जो माणूस स्फोटाच्या जागी नव्हता त्याच्यावर ३०२ कसं, हा प्रश्न सिनिअर विचारणारच. उत्तर १२०-ब मध्ये असतं.

आता खरा सापळा, ज्यात मीही अडकले आणि अजूनही घाईत पाय घसरतो. आदेशाचा निम्म्याहून जास्त भाग कोर्टाचा नसतो. आधी घटनेचा तपशील, तोही फिर्यादी पक्षाच्या म्हणण्यानुसार. मग प्रत्येक आरोपीच्या वकिलाचं म्हणणं, सरकारी वकिलांचं उत्तर, मग निवाड्यांचे लांबलचक उतारे. कोर्टाचं स्वतःचं मत त्यानंतर सुरू होतं. आपण मात्र दमून आधीच्याच पानांतली छानशी वाक्यं उचलतो आणि 'न्यायालयाने म्हटले' असं लिहून मोकळे होतो. मी प्रत्येक परिच्छेदाच्या समासात पेन्सिलीने एक अक्षर टाकते: 'आ' म्हणजे आरोपी, 'स' म्हणजे सरकार, 'न' म्हणजे न्यायालय. परिच्छेदात 'सबमिटेड', 'कंटेंडेड' दिसलं की 'न' टाकायचं नाही. 'विचारात घेतलेले साहित्य' आणि 'नकाराचे कारण' हे दोन्ही रकाने फक्त 'न' मधून भरायचे. कंटाळवाणं आहे, मान्य. पण आठ-दहा आदेशांनंतर डोळा बसतो, घाबरू नका.

मालेगावात हे अक्षर चुकलं की सारांश उलटा होतो. एनआयएने पुरावा नाही म्हटलं, हे तपास यंत्रणेचं मत. कोर्टावर ते बंधनकारक नाही. मूळ आणि पुरवणी दोन्ही अहवाल एकत्र वाचायचे असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने विनय त्यागी निवाड्यात २०१२ मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे एटीएसने नोंदवलेले जबाबही कोर्टापुढे होते. ठाकूर यांच्या बाबतीत स्फोटाशी जोडलेली एलएमएल फ्रीडम मोटरसायकल त्यांच्या नावावर नोंदलेली असल्याचं सरकारी साहित्यात होतं. गाडी दुसऱ्याच्या ताब्यात होती, हा बचाव त्या टप्प्यावर पुरेसा ठरला नाही. दुसरीकडे, मोक्का गेल्यावर त्या कायद्याखाली पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेले कबुलीजबाब पुरावा म्हणून टिकत नाहीत. म्हणजे कलम गळलं की साहित्याच्या यादीतूनही काहीतरी गळतं. दोन्ही रकाने एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय हे हाती लागत नाही.

नकाराची कारणं लिहिताना त्यांची जात ओळखा. कधी कोर्ट म्हणतं, साहित्य पाहता गंभीर संशय निर्माण होतो. प्रफुल्ल कुमार सामल निवाड्यापासून (१९७९) हीच कसोटी चालत आलीय, नुसता संशय असेल तर आरोपी सुटू शकतो. कधी कोर्ट म्हणतं, हा मुद्दा साक्षीपुराव्यानंतर पाहू. या दुसऱ्या प्रकाराला 'मुद्दा फेटाळला' असं लिहू नका. पुरोहित यांनी यूएपीएखालच्या मंजुरीलाच हरकत घेतली होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये विशेष न्यायालयाने तो प्रश्न खटल्यात तपासायला ठेवला. ३१ जुलै २०२५ ला सातही जण निर्दोष सुटले, आणि त्या निकालात ती मंजुरी सदोष ठरली. २०१८ च्या सारांशात कुणी 'मंजुरी वैध' असं लिहून ठेवलं असेल, तर ते तेव्हाही चूकच होतं.

काही सिनिअर म्हणतात, 'दोन ओळीत सांग, प्रथमदर्शनी केस आहे ना?' त्यांना दोन ओळी द्या, पण फाइलला नीट टिपण लावा. पुढे पुनरीक्षणाचा किंवा हायकोर्टातला अर्ज लिहायचा झाला की तेच सिनिअर ते टिपण मागतात.

नकाराच्या रकान्यात मी साधारण असं लिहिते: 'ठाकूर — अर्ज मोक्का वगैरे काही कलमांपुरता मंजूर, उरलेल्या कलमांपुरता नामंजूर. आधार: एटीएसचे जबाब आणि वाहनाची नोंदणी. एनआयएचा विरोधी निष्कर्ष विचारात घेतला, बंधनकारक मानला नाही. पुराव्याच्या विश्वासार्हतेवर मत नाही.' शेजारी आदेशाचा परिच्छेद क्रमांक. क्रमांक सापडत नसेल, तर ते वाक्य बहुधा कोर्टाचं नाही.