काळ्या केसांवर बर्गंडी: बटांच्या कडा ब्रशने कापत बसू नका

विलेपार्ल्यातल्या एका सलॉनसाठी मी गेली तीन वर्षं एक छोटंसं काम करते. केस रंगवण्याआधी ग्राहकाच्या फोटोवर तो रंग फोटोशॉपमध्ये चढवून दाखवायचा, म्हणजे खुर्चीत बसायच्या आधीच होकार-नकार ठरतो. या कामात नवीन येणारे जिथे अडकतात तिथेच मीही अडकले होते, म्हणून एकच फोटो घेऊन सगळं सांगते.

जुलैतली गोष्ट. बँकेत नोकरी करणाऱ्या एका बाईंना भाच्याच्या लग्नाआधी बर्गंडी करून घ्यायचं होतं. काळे, खांद्यापर्यंतचे केस, मागे पांढरी भिंत, बाजूच्या खिडकीतून उजेड. पावसाळी दमट हवेत सरळ केसही फुलतात, तसे त्यांचे कानामागचे आणि भांगाजवळचे बारीक केस सुटून उडत होते. मी Hue/Saturation चा लेयर घेतला, Colorize वर टिक केली आणि मास्कवर ब्रशने केसांची कड नीट कोरून काढली. तासभर गेला. सलॉनमध्ये रंगाचं काम बघणाऱ्या ताईंनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, हे गंगावन लावल्यासारखं दिसतंय. बाहेरचे केस काळे आणि आतले लाल, असं कधी असतं का?"

त्यांचं बरोबर होतं. दोन चुका होत्या. पहिली रंगाची. Colorize फक्त रंगछटा बदलतं, उजळपणा तसाच ठेवतं, त्यामुळे काळा केस काळाच राहतो आणि लाली दिसते ती चकाकीवर. दुसरी चूक कडेची, आणि ती जास्त महत्त्वाची आहे.

कानामागची एक सुटी बट ८०० टक्के मोठी करून बघा. एक केस फोटोत जेमतेम दीड-दोन पिक्सेल रुंद असतो. ० ते २५५ च्या मापावर त्याच्या मधल्या पिक्सेलमध्ये Red ची किंमत ३८ होती, शेजारच्यात ९५, त्यापुढे १६०, आणि मग भिंत, २३५. मधले ते ९५ आणि १६० म्हणजे ना पूर्ण केस, ना पूर्ण भिंत, दोघांचं मिश्रण. केस रंगवला तर त्या पिक्सेलवर रंग त्याच प्रमाणात चढायला हवा. हे प्रमाण हाताने ब्रश फिरवून साधणं अशक्य आहे. पण ते फोटोतच लिहिलेलं आहे: पिक्सेल जितका गडद, तितका त्यात केस जास्त. म्हणून बटा कापण्याचं काम उजेड-अंधाराकडे सोपवायचं आणि मास्कने फक्त 'केस साधारण इथे आहेत' एवढंच सांगायचं.

मी केलं ते असं. Hue/Saturation काढून टाकलं आणि Curves चा ॲडजस्टमेंट लेयर घेतला. Red मध्ये ४० चा बिंदू उचलून ८२ वर नेला, Green मध्ये ४० चा ३२ वर खाली आणला, Blue मध्ये ४० चा ४४ वर. म्हणजे काळ्या केसाचा मुख्य रंग साधारण ८२, ३२, ४४ होतो, दारूसारखा गडद लाल. तिन्ही वक्रांवर १७० जवळ आणखी एक बिंदू जागच्या जागी ठोकून ठेवला, नाहीतर वक्र वरपर्यंत फुगतो आणि केसांची चकाकी गुलाबी होते. खिडकीची चकाकी खिडकीच्याच रंगाची राहायला हवी. ती रंगली की केस प्लास्टिकचा वाटतो.

मग लेयरच्या नावाच्या उजवीकडे रिकाम्या जागेवर डबल-क्लिक करून Blend If उघडलं. खालच्या फोटोतल्या उजेड-अंधारावरून लेयर कुठे दिसावा ते हेच ठरवतं. तिथल्या यादीत Gray असतं, ते बदलून Red घेतलं. कारण सोपं आहे: आपल्याकडच्या त्वचेत लाल सगळ्यात जास्त. बाईंच्या गालावर Red २०५ होतं, भिंतीवर २३५, केसात ३८. त्यामुळे एकाच पट्टीवर भिंत आणि चेहरा दोन्ही केसांपासून वेगळे होतात. Underlying Layer च्या पट्टीवरचा पांढरा त्रिकोण Alt दाबून ओढला की त्याचे दोन तुकडे होतात. डावा १०० वर ठेवला, उजवा १९० वर. म्हणजे १०० पर्यंत रंग पूर्ण, तिथून हळूहळू कमी, १९० ला शून्य. Alt न दाबता पूर्ण त्रिकोण ओढलात तर कड कात्रीने कापल्यासारखी येते.

शेवटी मास्क. तो Ctrl+I ने काळा केला आणि मोठ्या, मऊ पांढऱ्या ब्रशने केसांवरून आणि कडेच्या बाहेर भिंतीवरही बोटभर फिरवला. उडणारे केस त्यात आले पाहिजेत. भिंतीची काळजी आता करावी लागत नाही. काळजी करायची ती भुवया, डोळे, काळा कुर्ता आणि मानेवरची सावली यांची, कारण ते सगळे Red मध्ये गडदच असतात. बाईंच्या मानेवर केसांखाली Red १२५ होतं, तिथे लालसर डाग आला होता. तेवढा भाग काळ्या ब्रशने परत झाकला. कपाळावरच्या लवेवर ब्रशचा Flow १५ टक्के ठेवून दोन-तीन हात दिले.

Blend If ने नेमकं काय गाळलं ते मास्कमध्ये दिसत नाही. तपासायला मी Red चा बिंदू थोडा वेळ २०० पर्यंत नेते. रंग इतका भडक होतो की गळती कुठेही असली तरी लगेच डोळ्यात भरते. मग Ctrl+Z. ही सवय लावून घ्याच.

ही पद्धत कुठे चालत नाही तेही सांगते. मागे गडद पडदा किंवा झाड असेल तर Red ला फरकच कळत नाही. तिथे Select and Mask मध्ये जाऊन Refine Edge ब्रशने कडा काढाव्या लागतात. पांढरे झालेले केस उजळ म्हणून गाळले जातात आणि फोटोत पांढरेच राहतात, प्रत्यक्षात डाय त्यांना झाकतो. त्यांच्यासाठी वेगळा लेयर लागतो. आणि वर दुसरा ॲडजस्टमेंट लेयर ठेवलात तर त्याचं Blend If खालचे रंगवलेले, म्हणजे Red वाढलेले केस वाचतं, तेव्हा तिथले आकडे नव्याने लावा. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो तर घेऊच नका. दाबलेल्या फोटोत रंगाची माहिती कमी बारकाईने साठवलेली असते, आणि गडद भाग उजळला की चौकोनी ठिपके वर येतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

ताईंनी नंतर एक गोष्ट विचारली जी मला सुचली नव्हती: "आधी काळा डाय लावलाय का?" लावला होता. डायवर दुसरा डाय चढवून केस उजळत नाही, त्यामुळे ब्लीच न करता हा बर्गंडी घरात जवळपास काळाच दिसणार आणि उन्हात थोडा चमकणार. म्हणून लेयरची Opacity ३५ टक्क्यांवर आणून दुसरा फोटो केला आणि दोन्ही शेजारी ठेवून दाखवले. बाईंनी फोनवर दोन बोटांनी कानामागची ती बट मोठी केली, बराच वेळ बघितली, आणि ३५ टक्क्यांच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "बिनब्लीचचाच करा."