पत्ता बरोबर, पण पिन मागच्या गल्लीत

आपण पत्ता लिहितो, तेव्हा नकाशाचं अ‍ॅप त्यावरून अक्षांश-रेखांश काढतं. घर क्रमांक त्याच्या नोंदीत नसेल, तर आजूबाजूच्या क्रमांकांवरून अंदाज बांधतं, किंवा सरळ रस्त्याच्या मध्यावर पिन टोचतं. त्यामुळे पत्ता पुन्हा पुन्हा नीट लिहून काही होत नाही. पिनच हलवावी लागते.

गूगलवर व्यवसायाची प्रोफाइल पडताळलेली असेल, तर Edit profile मध्ये Location उघडा, Adjust दाबा आणि पिन ओढा. त्याआधी उपग्रह दृश्य चालू करा, नाहीतर सगळा अंदाजच.

पिन छताच्या मधोमध ठेवू नका. रस्ता दाखवताना अ‍ॅप बहुधा पिनेला सर्वांत जवळचा रस्ता धरतं. समजा दार पुढच्या रस्त्यावर आहे, पण छताच्या मध्यापासून मागची गल्ली जवळ पडते. मग ग्राहक मागच्या भिंतीपाशी पोहोचतो. पिन इमारतीच्या हद्दीतच, पण दाराला चिकटून ठेवा.

बदल तपासणीत अडकू शकतो. तो दिसू लागला की दुसऱ्याच्या फोनवरून दिशा मागवून रेघ कुठे संपते ते बघा. आणि हो, अ‍ॅपल मॅप्समध्ये हे वेगळं करावं लागतं.