केशनळीतून पाण्याचे पृष्ठताण मोजताना : त्रिज्या कुठली आणि स्पर्शकोन किती?

कोल्हापुरातील एका महाविद्यालयात बी.एस्सी. करत असताना पृष्ठताणाच्या प्रॅक्टिकलमध्ये माझे उत्तर आधी बरेच कमी आले आणि चूक सुधारल्यावर पुस्तकातील किमतीपेक्षा जास्त आले. पुढे प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना हाच प्रयोग शिकवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा बहुतेकांचे घोडे याच दोन जागी अडते असे दिसले. म्हणून प्रयोगाची सगळी कृती न देता त्या दोन जागांविषयीच लिहितो आहे.

सूत्र सर्वांच्या जर्नलमध्ये असतेच:

```
T = r(h + r/3)ρg / (2 cos θ)
```

यात h ही बीकरमधील पाण्याच्या सपाट पातळीपासून नळीतील खोलगट पृष्ठाच्या तळापर्यंतची उंची आहे. r/3 हा भाग त्या तळाच्या वर कडेकडेने चढलेल्या पाण्यासाठी मिळवायचा असतो. आपल्या नळीत तो उंचीच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, त्यामुळे त्याबद्दल एवढे पुरे. सूत्रातील r आणि θ यांच्याकडे मात्र आपण फारसे लक्ष देत नाही. r एकदा मोजून टाकतो आणि θ शून्य धरून cos θ च्या जागी १ लिहून मोकळे होतो.

त्या दिवशी पाण्याचे तापमान २८ अंश सेल्सिअस होते. या तापमानाला शुद्ध पाण्याचे पृष्ठताण सुमारे ७१.५ डाइन प्रति सेंटिमीटर असते. (पुस्तकात बहुधा दिसणारी ७२.८ ही किंमत २० अंशांची आहे. आपल्याकडे मार्चमध्ये प्रयोग करून त्या किमतीशी तुलना करणे बरोबर नाही.) मी कोरडी नळी पाण्यात उतरवली, पाणी चढून स्थिरावले आणि ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपने उंची २.५२ सेंटिमीटर मिळाली. नळीच्या खालच्या टोकाशी भोकाचा व्यास आडवा आणि उभा मोजून सरासरी काढली, तेव्हा त्रिज्या ०.०५२ सेंटिमीटर आली. या आकड्यांवरून उत्तर आले ६४.३, म्हणजे जवळजवळ दहा टक्क्यांनी कमी.

सरांनी आकडे पाहिले नाहीत. त्यांनी एवढेच सांगितले, की नळी हलकेच एक सेंटिमीटर वर उचल, पाणी स्थिरावू दे आणि उंची पुन्हा मोज. नळी वर घेतली की आतले पाणी काचेवरून खाली घसरत येऊन थांबते, तर पहिल्या वेळी ते कोरड्या काचेवरून वर चढत येऊन थांबलेले असते. काच स्वच्छ असेल तर दोन्ही वाटांनी पाणी एकाच उंचीवर थांबायला हवे. माझ्या नळीत दुसरी उंची २.८० आली.

काचेवर तेलकटपणा असला की पुढे सरकणाऱ्या पाण्याचा स्पर्शकोन मोठा आणि मागे हटणाऱ्या पाण्याचा लहान असतो. म्हणून उंचीतील हा फरक म्हणजे नळी अस्वच्छ असल्याची आणि θ शून्य धरता येत नसल्याची खूण आहे. नंतर हिशेब केला तेव्हा चढत्या पाण्याचा कोन सुमारे ३० अंश आणि उतरत्या पाण्याचा सुमारे १६ अंश निघाला. मधल्या सुट्टीत भडंग खाऊन मी हात नुसते पाण्याखाली धरले होते आणि त्याच बोटांनी नळी टोकाशी पकडली होती, एवढे कारण पुरेसे होते.

θ शून्य धरण्याच्या गृहीतकाची एक गंमत लक्षात ठेवावी. कोन ५ अंश असला तर उत्तरात अर्धा टक्काही फरक पडत नाही आणि १० अंशांना दीड टक्का पडतो. पण २० अंशांना सहा आणि ३० अंशांना तेरा टक्के चूक होते. म्हणजे थोड्या अस्वच्छतेला हे सूत्र सांभाळून घेते, जास्तीला अजिबात नाही. काही जण अशा वेळी उत्तर जुळेल असा कोन शोधून सूत्रात घालतात. तसे केल्यावर आपण पृष्ठताण मोजलेलेच नसते, पुस्तकातली किंमत वापरून कोन काढलेला असतो.

दोन्ही उंच्या सारख्या, पण दोन्ही कमी आल्या तर संशय पाण्यावर घ्यावा. साबणाचा अंश बीकरमध्ये राहिला असेल तर खुद्द पृष्ठताणच घटते आणि नळी कितीही घासली तरी उत्तर सुधारत नाही.

प्रयोगशाळेतल्या मामांनी नळी सौम्य नायट्रिक आम्लातून काढून डिस्टिल्ड वॉटरने अनेकदा धुऊन दिली. आता दोन्ही वाटांनी उंची २.९२ आली आणि मी समाधानाने हिशेब मांडला. उत्तर आले ७४.४! कोन शून्याहून मोठा असला तर उत्तर कमी येते, जास्त येण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे आता चूक त्रिज्येतच होती.

येथे आमच्या मनातले चित्र आडवे आले. पाण्याच्या स्तंभाचे वजन पृष्ठताण उचलून धरते असे शिकल्यामुळे संपूर्ण नळीची रुंदी महत्त्वाची वाटते. प्रत्यक्षात वक्र पृष्ठाच्या लगेच खाली दाब हवेच्या दाबापेक्षा किती कमी आहे यावर उंची ठरते आणि तो फरक पृष्ठाच्या वक्रतेवर, म्हणजे जिथे पृष्ठ थांबले आहे तिथल्या त्रिज्येवर अवलंबून असतो. खाली नळी फुगीर असो की चिंचोळी, द्रवाचा दाब केवळ खोलीनुसार बदलतो. मी मोजलेली टोकाची त्रिज्या त्यामुळे या प्रयोगात कुठेच बसत नव्हती.

मामांनी पाण्याचे पृष्ठ जिथे थांबले होते तिथे कानसीने ओरखडा काढला, नळी फडक्यात धरून मोडली आणि त्या ताज्या तोंडाशी मी व्यास मोजला. त्रिज्या ०.०५० सेंटिमीटर निघाली. काच ओढून केलेली नळी किंचित निमुळती असते, आणि तीन सेंटिमीटरमध्ये पडलेला हा फरक डोळ्यांना दिसणारा नव्हता. नवीन त्रिज्येने हिशेब असा झाला: ०.०५० गुणिले २.९३७, त्याला पाण्याची घनता ०.९९६ आणि g ९७८ यांनी गुणून दोनने भागले, की ७१.५.

पहिल्या दिवशी नळी थोडी कमी तेलकट असती आणि कोन १६ अंशांच्या आसपास राहिला असता, तर टोकाची चुकीची त्रिज्या वापरूनही उत्तर अगदी ७१.५ आले असते. मी दोन्ही चुका जर्नलमध्ये बंद करून सही घेतली असती. म्हणून आता मी विद्यार्थ्यांकडून उत्तराच्या आधी चढती आणि उतरती अशा दोन्ही उंच्या मागतो आणि त्रिज्या कुठे मोजली ते विचारतो. नळी मोडायची नसेल तर वेगवेगळ्या त्रिज्यांच्या तीन नळ्या घेऊन h + r/3 आणि r यांचा गुणाकार तिन्हींना सारखा येतो का ते पाहावे. एखादी नळी वेगळी पडली तर तिचीच त्रिज्या किंवा स्वच्छता तपासावी.

शेवटी उत्तर किती अंकांपर्यंत लिहायचे तेही त्रिज्याच ठरवते. उंचीत ०.००२ सेंटिमीटरची चूक झाली तरी ती हजारात एकापेक्षा कमी असते. त्रिज्येत मात्र ०.०००५ सेंटिमीटरची चूक झाली, तर तेवढ्यानेच उत्तर एक टक्क्याने, म्हणजे ०.७ ने हलते. गणकयंत्रावर ७१.५२ दिसत असले तरी माझ्या त्या नळीने ७१ आणि ७२ यांतला फरक खात्रीने सांगता येत नव्हता, आणि जर्नलमध्ये मी ७१.५ ± ०.७ असेच लिहिले.